वायू कोंडायचा तर कुठे?

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत, उत्तर समुद्रात, स्लाइप्नर नावाचे एक वायुक्षेत्र आहे. १९९६ च्या शरद ऋतूपासून तेथे एक उलटा उद्योग चालू आहे. जमिनीखालून वायू वर काढायचा, त्यातला नको असलेला भाग वेगळा करायचा आणि तो पुन्हा समुद्रतळाखाली दाबून टाकायचा. हा नको असलेला भाग म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला कर्बवायू. हवामानबदलाच्या चर्चेत 'कार्बन पकडून जमिनीत साठवणे' हा उपाय आता वारंवार ऐकू येतो. कोणी त्याला रामबाण म्हणतो, तर कोणी कोळसा कंपन्यांची धूळफेक. माझी नोकरीची उमेदीची वर्षे नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या एका कारखान्यात गेली. या उपायातला पहिला अर्धा भाग मला यंत्रांच्या आवाजासकट ठाऊक आहे. दुसरा अर्धा, म्हणजे खडकाचा, मी निवृत्तीनंतर वाचून समजून घेतला. दोन्ही बाजूंच्या घोषणा बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय घडते ते पाहायचे, तर स्लाइप्नरपासून सुरुवात करणे सोयीचे. सर्वांत जास्त काळ चाललेला आणि सर्वांत बारकाईने पाहिला गेलेला हाच प्रयोग आहे.

स्लाइप्नरच्या पश्चिम भागातल्या वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नऊ टक्क्यांपर्यंत होते. युरोपातल्या गिऱ्हाइकांना अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नव्हते. तो काढणे भागच होते. जगभर असा काढलेला वायू सरळ आकाशात सोडतात, कारण त्याला काही किंमत पडत नाही. नॉर्वेत मात्र १९९१ साली समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन-कर बसला होता, आणि प्रकल्प सुरू झाला त्या सुमारास तो टनाला साधारण पन्नास डॉलर होता. वर्षाला दहा लाख टन वायू सोडायचा तर पाच कोटी डॉलर कर. तो दाबून खाली घालण्याची यंत्रे आणि विहीर यांचा जास्तीचा खर्च आठ-दहा कोटी डॉलरच्या घरात. म्हणजे दोनेक वर्षांत पैसे वसूल. पर्यावरणाचे प्रेम असेलही, पण हिशेब हा होता. तो विसरला की पुढची कुठलीच गोष्ट नीट कळत नाही.

आता वायू वेगळा कसा करतात ते पाहू. अमाइन नावाची सेंद्रिय द्रव्ये असतात. वास अमोनियाच्या घराण्यातला, जरा माशासारखा. कपड्यांना लागला की घरचे लोक ओळखतात कुठल्या युनिटवर ड्यूटी होती ते. अमाइन पाण्यात मिसळून उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून सोडायचे आणि खालून वायू वर जाऊ द्यायचा. मनोऱ्यात थरांवर थर असतात, त्यांवर दोघांची गाठ पडते. कार्बन डायऑक्साइड किंचित आम्लधर्मी, अमाइन अल्कधर्मी. दोघांचा सैल बंध जमतो. वर निघतो तो स्वच्छ वायू, खाली जमते ते भारलेले अमाइन. ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन वाफेने सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले की बंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतो आणि मोकळे झालेले अमाइन थंड होऊन पुन्हा पहिल्या मनोऱ्यावर चढते. ही युक्ती १९३० च्या आसपासची आहे. नवीन काही नाही. सगळा खर्च त्या दुसऱ्या मनोऱ्याच्या बुडाशी, वाफेत आहे. याकडे पुन्हा यावे लागेल.

वेगळा झालेला वायू दाबायचा. समुद्रसपाटीला एक टन कार्बन डायऑक्साइड पाचशेहून जास्त घनमीटर जागा अडवतो, म्हणजे एखाद्या प्रशस्त सदनिकेच्या हवेपेक्षाही जास्त. पण ३१ अंशांच्या वर तापमान आणि ७४ वातावरणांच्या वर दाब असला की तो ना धड वायू राहतो ना द्रव. घनता द्रवासारखी होते आणि तरीही छिद्रांतून सरकतो वायूसारखा. जमिनीखाली साधारण आठशे मीटरच्या पुढे हा दाब आणि ही उष्णता आपोआप मिळतात, आणि तो टन दीड-दोन घनमीटरांत मावतो. म्हणून जगातल्या बहुतेक साठ्यांच्या खोलीची सुरुवात आठशे मीटरपासून होते.

स्लाइप्नरला तो समुद्रसपाटीखाली सुमारे हजार मीटरवर, उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात सोडला जातो. हा खडक म्हणजे पोकळ गुहा अशी कल्पना केली तर ती चुकीची. भिजलेल्या वाळूचा घट्ट थर डोळ्यांपुढे आणावा. दोनशेहून जास्त मीटर जाडीचा हा थर एक तृतीयांशाहून जास्त छिद्रांनी बनलेला आहे आणि छिद्रांत खारे पाणी आहे. आत येणारा कार्बन डायऑक्साइड त्या पाण्याला बाजूला सारतो. तो पाण्यापेक्षा हलका, म्हणून वर चढू पाहतो. वर शेकडो मीटर जाडीचा चिकण खडक, ज्याची छिद्रे इतकी सूक्ष्म की तो त्यांत शिरू शकत नाही. हे झाकण. झाकणावर भरवसा ठेवून थांबायचे नसते, कारण काळ जाईल तसे आणखी बंदोबस्त तयार होतात. वायू पुढे सरकतो तेव्हा मागे काही थेंब वाळूच्या कणांत अडकून राहतात, ओला स्पंज पिळला तरी ओला राहतो तसे. काही भाग खाऱ्या पाण्यात विरघळतो, आणि असे पाणी जड होऊन वर न चढता खाली बसते. फार सावकाश, हजारो वर्षांच्या मापाने, थोडा भाग खडकातल्या खनिजांशी संयोग पावून दगडच होतो. साठा जितका जुना तितका सुरक्षित, असा हा उलटा न्याय आहे. धोक्याचा काळ म्हणजे भरताना आणि त्यानंतरची काही दशके.

पण हजार मीटर खाली काय चालले आहे ते कळते कसे? वायू सोडण्यापूर्वी, १९९४ साली, त्या भागाचे ध्वनिलहरींनी सर्वेक्षण झाले होते. जहाजावरून समुद्रात आवाजाचा धक्का द्यायचा आणि खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे. पोटाची सोनोग्राफी करतात तोच प्रकार, माप मोठे. १९९९ मध्ये तेच सर्वेक्षण पुन्हा झाले आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. जिथे खाऱ्या पाण्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आला होता तिथले प्रतिध्वनी झळाळून उठले होते. एक प्रचंड फुगा दिसेल अशी अपेक्षा असावी. दिसले ते एकावर एक नऊ थर, उतरंडीसारखे. वालुकाश्मात चिकण खडकाचे जेमतेम मीटरभर जाडीचे पापुद्रे होते. प्रत्येक पापुद्र्याखाली वायू पसरला होता आणि मग कुठून तरी वाट काढून वरच्या पापुद्र्याखाली गेला होता. तीन वर्षांत तो थेट मुख्य झाकणापर्यंत पोहोचला होता.

हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत शिकवणारे चित्र वाटते. झाकण शाबूत होते. आजतागायत तेथे गळतीची खूण सापडलेली नाही, आणि एव्हाना दोन कोटी टनांच्या आसपास वायू खाली गेला आहे. प्रयोग यशस्वी आहे यात मला शंका नाही. पण ते पापुद्रे वायूने इतक्या लवकर कसे ओलांडले, त्यांत आधीपासून भोके होती की दाबाने तडे गेले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. इतक्या सोप्या, इतक्या सच्छिद्र आणि इतक्या तपासलेल्या खडकानेही तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे वागायचे नाकारले. शिवाय ध्वनिलहरींना विरघळलेला वायू दिसत नाही, कारण विरघळल्यावर खारे पाणी पुन्हा खाऱ्या पाण्यासारखेच वाजते. म्हणून समुद्रतळावर गुरुत्वाकर्षणातला अतिसूक्ष्म फरक मोजून वजनाचा ताळा घ्यावा लागतो. त्यातूनही विरघळलेल्या भागाची वरची मर्यादा मिळते, नेमका आकडा मिळत नाही.

स्लाइप्नरच्या यशावरून 'हे तंत्र सिद्ध झाले' असे म्हणणाऱ्यांना त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकल्पाकडे पाहायला सांगावे. नॉर्वेच्या उत्तर टोकाला स्नोव्हिट नावाचे क्षेत्र आहे. तेथे २००८ पासून वायूतून काढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळावरच्या दीडशे किलोमीटरच्या नळातून परत नेऊन सुमारे २६०० मीटर खोलीवर तुबोएन नावाच्या वालुकाश्मात सोडू लागले. काही काळातच विहिरीच्या तळाचा दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढू लागला. याचा अर्थ समजायला विज्ञान लागत नाही. बाटलीत पाणी ओतताना आतली हवा बाहेर पडायला जागा नसेल तर काय होते ते सर्वांना माहीत आहे. आधीचे खारे पाणी सरकायला खडकात पुरेसे मार्ग नव्हते. ते क्षेत्र आतून खणाखणांत विभागलेले निघाले. दाब असाच वाढू दिला तर खडकाला तडा जाण्याची मर्यादा गाठली असती. २०११ मध्ये त्याच विहिरीत वरच्या बाजूला, स्टो नावाच्या थरात, नवी भोके पाडून वायू तिकडे वळवला, आणि काम पुढे चालले. यात कोणाची नाचक्की नाही. दाब मोजला जात होता म्हणून वेळीच कळले, आणि पर्यायी थर जवळ होता म्हणून निभावले. ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गन प्रकल्पाला इतके सोपे गेले नाही. तेथे दाब आवरण्यासाठी खडकातले पाणी उपसून दुसरीकडे घालायची योजना होती. त्या विहिरींत वाळू येऊन अडथळे झाले, आणि प्रकल्पाने ठरवलेल्यापेक्षा बराच कमी वायू जमिनीत गेला.

यावरून जागेचा प्रश्न नीट मांडता येतो. कागदावर जगातल्या खाऱ्या पाण्याच्या थरांत अफाट जागा आहे. पण त्या आकड्यांत केवळ छिद्रांची बेरीज असते. त्या छिद्रांत दरवर्षी किती दाबता येईल हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विहीर खणून, काही वर्षे भरून पाहिल्याशिवाय मिळत नाही. गोदाम किती मोठे आहे याइतकाच त्याचा दरवाजा किती रुंद आहे यालाही अर्थ असतो.

आतापर्यंतचे सगळे प्रकल्प सोप्या वायूचे होते. तेथे कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली येतो, आणि तो काढणे धंद्यासाठी तसेही आवश्यक असते. औष्णिक केंद्राच्या चिमणीत तसे नाही. तेथील धुरात तो बारा ते पंधरा टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन, आणि दाब साध्या हवेइतकाच. शिवाय राख आणि गंधकाचा धूर. हे दोन्ही अमाइनला नासवतात. नासलेले अमाइन फेसाळते, नळ्या गंजवते आणि बदलावे लागते. कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचावर २०१४ मध्ये असा कारखाना बसला, संचाच्या नूतनीकरणासह खर्च सुमारे दीड अब्ज कॅनडियन डॉलर. क्षमता वर्षाला दहा लाख टन. प्रत्यक्षात पन्नास लाख टनांचा टप्पा आला २०२३ मध्ये. त्या तुटीचे बरेचसे कारण राखेने आणि अमाइनच्या नासण्याने होणाऱ्या खोळंब्यांत आहे. आणखी एक, तिथला बराचसा वायू जुन्या विहिरींतून तेल रेटून काढण्यासाठी विकला गेला. ते तेल जाळल्यावर जो वायू निघतो त्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा वाद मी इथे उघडत नाही.

आता त्या वाफेकडे येऊ. धुरातला एक टन कार्बन डायऑक्साइड अमाइनमधून सोडवायला साधारण दीड टन वाफ लागते. ही वाफ एरवी टर्बाइन फिरवून वीज देणारी. तिच्यात दाबयंत्रांची वीज मिळवली की केंद्राच्या विजेतला पाचवा ते चौथा हिस्सा धूर पकडण्यातच जातो. आपल्याकडचा ५०० मेगावॅटचा एक संच घेऊ. सत्तर टक्के क्षमतेने तो वर्षाला सुमारे तीन अब्ज युनिट वीज करतो, आणि युनिटमागे साधारण ०.९५ किलो या दराने २९ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे स्लाइप्नरच्या वार्षिक साठ्याच्या जवळजवळ तिप्पट, एका संचातून. त्यातला नव्वद टक्के पकडला तर २६ लाख टन. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा वीजकेंद्रांसाठी पकडण्याच्या खर्चाचा अंदाज टनाला पन्नास ते शंभर डॉलर असा आहे. आपण खालच्या बाजूचा, टनाला पाच हजार रुपये धरू. म्हणजे किलोला पाच रुपये, आणि युनिटला सव्वाचार रुपयांच्या आसपास. कोळशाची वीज बनवायलाच जवळपास तेवढा खर्च येतो. म्हणजे भाव दुप्पट. त्यात वाहतूक आणि साठवण अजून धरलेली नाही, आणि गेलेली वीज भरून काढायला आणखी कोळसा जाळावा लागेल तेही नाही.

म्हणून माझे मत असे बनले आहे की विजेसाठी हा मार्ग बहुतेक ठिकाणी परवडणारा नाही. सूर्य आणि वारा हे पर्याय तिथे उभे आहेत. पण सिमेंटचे काय? चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधन कोणतेही वापरा. सिमेंटच्या धुराचा अर्ध्याहून जास्त भाग हा चुनखडीचा असतो आणि तो सौर ऊर्जेने थांबत नाही. नॉर्वेतच ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यावर २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन पकडणारा कारखाना सुरू झाला. तिथला वायू द्रवरूपात जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर जातो आणि तेथून नळाने समुद्रतळाखाली २६०० मीटरवर. भट्टीची वाया जाणारी उष्णता अमाइनच्या वाफेसाठी वापरली जाते, आणि चार लाख हा आकडा तिथूनच आला आहे. फुकटच्या उष्णतेत कारखान्याचा साधारण निम्माच धूर पकडता येतो. खर्चाचा मोठा वाटा नॉर्वेच्या सरकारने उचलला आहे.

मग आपल्याकडे कुठे? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला की कोणीतरी पायाखालच्या काळ्या दगडाकडे बोट दाखवते, आणि त्यात तथ्य आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. कार्बन डायऑक्साइडशी त्यांचा संयोग झाला की कॅल्साइटसारखी खनिजे बनतात. आइसलँडमध्ये हेलिशेडीच्या भू-औष्णिक केंद्रात कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग दगड झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वालुकाश्मात ज्याला हजारो वर्षे लागतात ते दोन वर्षांत. दगड झालेला वायू गळत नाही, त्याला झाकणही लागत नाही. आणि दख्खनचा बेसॉल्ट पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे.

इथे मात्र हिशेब करून पाहावा. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागते. आपल्या त्या एका संचाच्या २६ लाख टनांना साडेसहा कोटी टन पाणी, म्हणजे दरवर्षी सव्वादोन टीएमसीहून जास्त. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहून किंचित कमी आहे. खोलातले पाणी उपसून तेच फिरवता येते, आइसलँडमध्ये तसे करतातही. पण दख्खनमध्ये शेकडो मीटर खोल तेवढे पाणी आहे का, हेच आधी शोधावे लागेल. दुसरी अडचण वयाची. आइसलँडचा बेसॉल्ट तरुण आणि भेगाळ आहे. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्या झिओलाइट आणि कॅल्साइटने केव्हाच भरल्या आहेत. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतून निघणारे ते सुंदर स्फटिक संग्राहकांना आवडतात. साठवणुकीच्या दृष्टीने मात्र ती बुजलेली जागा आहे.

तिसरी गोष्ट कोयनेची. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा संबंध नव्या जलाशयाशी आहे हे आता सर्वमान्य आहे. पाण्याचा दाब खोलवरच्या भेगांत पोहोचला आणि ताणात असलेला भ्रंश सरकला. त्याच भागात केलेल्या वैज्ञानिक विंधनात बेसॉल्ट साधारण ९३० मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा खडक नाहीच. जिथे भेगांतल्या दाबाने भूकंप होतात हे आपण अनुभवले आहे, तिथून दूर राहूनच जागा निवडावी लागेल. पण किती दूर, आणि दख्खनमध्ये ताणाखालचे भ्रंश आणखी कुठे दडले आहेत, याचा नकाशा अपुरा आहे.

पाणी न वापरता शुद्ध वायूच बेसॉल्टमध्ये सोडून पाहण्याचा प्रयोग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वलूला येथे झाला. तिथला बेसॉल्ट दख्खनसारखाच लाव्हाच्या पुरांतून थरावर थर साचलेला, जरी वयाने बराच लहान. २०१३ मध्ये हजारेक टन वायू आठशे-नऊशे मीटर खोलीवर सोडला, वरच्या घट्ट थरांनी झाकणाचे काम केले, आणि दोन वर्षांनी खडकाचे नमुने काढले तेव्हा पोकळ्यांत नवे कार्बोनेट खनिज सापडले. पुढच्या अभ्यासात सुमारे साठ टक्के वायू दगड झाल्याचा अंदाज निघाला. नवे खनिज पोकळ्या बुजवत जाईल तेव्हा दाब किती वाढेल, म्हणजे हजार टनांचे लाख टन केले तर विहीर किती वर्षे चालेल, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

आयआयटी मुंबईत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले आहे, आणि नीती आयोगाचा धोरण-अहवालही त्याच वर्षीचा. अहवालांत साठवणुकीच्या जागेचे आकडे अब्जावधी टनांचे असतात. मला त्यापेक्षा एक विहीर पाहायला आवडेल. मराठवाड्यात किंवा खानदेशात, वस्ती आणि भ्रंश दोन्हींपासून दूर, बेसॉल्टमध्ये हजारेक मीटर खोल. आधी वर्षभर आसपासच्या विहिरींचे पाणी तपासायचे आणि भूकंपमापक बसवायचे, मग हजार टन वायू सोडायचा, तळाचा दाब रोज लिहून ठेवायचा आणि दोन वर्षांनी नमुना वर काढायचा. त्या नमुन्याच्या पोकळ्यांत काय दिसते त्यावर पुढचे आकडे लिहिता येतील.